झडतीचं इंग्रजी

मी जात्याच भित्री. दारात पोस्टमन उभा दिसला तरी आधी छातीत धस्स होतं, मग पत्र दिसतं. अशा बाईने वर्तमानपत्राच्या वाटेला जाऊच नये. पण अमरावतीत कोचिंग क्लासमध्ये वर्षानुवर्षं तीच ती क्रियापदाची रूपं शिकवून डोक्याला गंज चढायला लागला होता, आणि तेवढ्यात अकोल्याच्या गुरुजींचा फोन आला.

गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. मी काही त्यांची विद्यार्थिनी नाही, पण त्यांना सगळेच गुरुजी म्हणतात. एका मराठी दैनिकात दर रविवारी त्यांचं सदर यायचं. त्या दैनिकाने इंग्रजी वेबसाइट काढली, निवडक सदरं इंग्रजीत हवीत असं ठरलं, आणि गुरुजींनी माझं नाव सुचवलं. "मायं लिहिलेलं इंग्रजीत कोन वाचते वं बाई? पन त्याइले हौस हाय तं करून टाक," असं म्हणून त्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं.

गुरुजींचं लिखाण वऱ्हाडातल्या माणसाला पाण्यासारखं वाचता येतं आणि बाहेरच्याला चार ओळींत धाप लागते. एका वाक्यात शकुंतला गाडी येते, दुसऱ्यात परतवाड्याचा बाजार, तिसऱ्यात कुणाची तरी आजेसासू एखादी म्हण टाकून निघून जाते. पहिल्या लेखाला मी प्रामाणिकपणे तळटिपा दिल्या. लेखापेक्षा टिपा लांब झाल्या. पुण्याच्या डेस्कवर बसणाऱ्या एका मुलाने तो लेख परत पाठवला, सोबत निरोप होता: मॅडम, तळटीप नको, कंस नको, तिरप्या अक्षरातले मराठी शब्दही कमीत कमी. लोक मोबाइलवर वाचतात, खाली जाऊन वर येत नाहीत.

आधी रागच आला. मग कळलं की पोराचं बरोबर आहे. पुरण पोळीच्या आत असावं लागतं, ताटात बाजूला वाढून चालत नाही. मग मी शिकत गेले. संदर्भ पहिल्यांदा येतो त्याच वाक्यात, त्याच दमात, तो काय काम करतो ते सांगून टाकायचं. 'शकुंतला' असं नुसतं न लिहिता 'मूर्तिजापूरहून सुटणारी ती अरुंद रुळांची जुनी गाडी, जिच्या बरोबरीने माणूस चालू शकायचा' असं लिहायचं, की मग पुढे नुसतं 'ती गाडी' म्हटलं तरी भागतं. नातं कळण्यापुरतं, सण कळण्यापुरता, जास्त नाही. लेखाला ज्याची गरज नाही तो संदर्भ मुकाट्याने गाळायचा. आणि ज्या एका शब्दावर लेख उभा आहे, तो मात्र मराठीच ठेवायचा आणि त्याच्याभोवती इतका उजेड करायचा की वाचणाऱ्याला तो आपोआप दिसावा.

पोळ्याच्या आधीच्या रविवारचा लेख तसा एका शब्दावर उभा होता. खरं तर दोन. लेखाचं नाव 'आवतन'. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळतात आणि बैलाला सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. गुरुजींच्या मूळ गावात पाण्याचे हाल चालले होते. नगरपालिकेवर प्रशासक होते, परप्रांतातून आलेले एक तरुण अधिकारी. दर खेपेला उद्या पाणी सुटेल असं जाहीर व्हायचं आणि उद्या उजाडला की परत उद्याच. गुरुजींनी लिहिलं होतं की साहेब गावाला बैल समजतात, रोज आवतन देतात, जेवायला मात्र बोलवत नाहीत. आणि शेवटी होतं: यंदा पोळ्यात तोरणाखाली साहेबांची झडती होऊन जाऊ द्या. सारं गाव हजर पाहिजे.

झडती कशी सांगायची यावर मी दोन दिवस घालवले. पोळ्याला बैल तोरणाखाली आले की आमच्याकडे लोक एकमेकांना टोमणे मारणाऱ्या कवनांच्या फैरी झाडतात. पाटील सावकाराला सुनावतो, गडी पाटलाला सुनावतो, त्या दिवशी कुणी रागवायचं नसतं. प्रत्येक झडतीनंतर सारा गाव 'हर बोला हर हर महादेव' म्हणून आरोळी ठोकतो. मी 'झडती' हा शब्द तसाच ठेवला, त्याच वाक्यात टोमण्यांची कवनं आली, आरोळी आली, रागवायचं नसतं हेही आलं. वाक्य लांबलं, पण एका श्वासात वाचता यायचं. मला स्वतःचाच अभिमान वाटला. भित्र्या माणसाला असा अभिमान परवडत नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बुधवारी मी क्लासमध्ये शिकवत असताना गुरुजींचा फोन आला. ते कधी वर्गाच्या वेळेला फोन करत नाहीत. मी वऱ्हांड्यात आले.

"बाई, तू काही लिहिलं का वं तथी झडतीचं?"

"लिहिलं ना गुरुजी. कवनं म्हनून लिहिलं. काहून?"

"ठान्यातून फोन आला होता. उद्या सकाळी जबाब द्याले बोलावलं. ते म्हनतात, तुमी लोकाइले साहेबाच्या घरावर धाडून राहिले. मी कोनाले धाडलं वं?"

मी तिथेच पायरीवर बसले. मोबाइलवर आमचा इंग्रजी लेख उघडला. मथळाच वेगळा होता: साहेबांची झडती घ्या, गावकऱ्यांना आवाहन. आत माझं लांबलचक वाक्य नव्हतं. त्या जागी दोन ओळी होत्या, साध्या, स्वच्छ, व्याकरणाला धरून. येत्या पोळ्याला अधिकाऱ्यांची 'सर्च' व्हावी, संपूर्ण गाव उपस्थित असावं. मी रोज पोरांना शिकवते तसला निर्दोष कर्मणी प्रयोग.

डेस्कवरच्या मुलाला फोन लावला. घाईत दोनदा चुकीचा नंबर लागला.

"हो मॅडम, मीच केलं ते," तो अगदी मदत केल्याच्या सुरात म्हणाला. "तुमचा घोटाळा झाला होता ना. झडती म्हणजे सर्च. तुम्ही गाणी वगैरे लिहिलं होतं. मी डिक्शनरीसुद्धा पाहिली."

"अहो, पोळ्याची झडती! गाणीच असतात ती!"

"अशी असते?" तो खरंच चकित झाला. "आमच्याकडे बैलांचा बेंदूर असतो. त्यात नाही असलं काही."

एखादा बंगाली किंवा तमिळ मुलगा डेस्कवर असता तर माझा शब्द तसाच राहिला असता. या मुलाला मराठी येत होतं हाच आमचा घात झाला. आणि त्याच्यावर ओरडायचीही सोय नव्हती, कारण त्याने माझी अब्रू वाचवण्यासाठी हे केलं होतं. तो घाबरून म्हणाला, संपादकांना विचारून दुरुस्ती टाकतो. पण लेखाचा फोटो साहेबलोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर कधीच फिरला होता. पोळा दोन दिवसांवर, सणासाठी जमावबंदीचा आदेश निघालेला, आणि प्रशासकांना मराठी वाचता येत नसल्यामुळे त्यांच्यापुरतं गुरुजींनी जे लिहिलं ते एवढंच होतं. गुरुजींचा मूळ मराठी लेख त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता.

गुरुवारी पहाटेच्या एसटीने मी अकोल्याला निघाले. पिशवीत तीन कागद: छापून आलेला मराठी लेख, मी पाठवलेलं इंग्रजी आणि वेबसाइटवरचं इंग्रजी. मूर्तिजापूर येईपर्यंत मी ते इतक्यांदा काढून वाचले की शेजारच्या बाईने विचारलं, "कोर्टाचे कागद हायेत का?" मी नाही म्हणाले आणि कागद पिशवीत घातले. गुरुजींचं बायपास झालेलं. त्यांना आत बसवून ठेवलं तर? पोळा होईस्तोवर खबरदारी म्हणून अडकवलं तर? या वयाच्या माणसाला एक रात्र पुरते. आणि ज्या कागदावरून अडकवलं त्यावर खाली अनुवादक म्हणून माझं नाव. मला त्यांची भीती वाटत होती आणि स्वतःचीही वाटत होती, यातली कुठली किती हे मी तेव्हाही मोजलं नाही.

जठारपेठेतल्या घरी गुरुजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार बसले होते, एखाद्या बक्षीस समारंभाला निघाल्यासारखे. काकूंनी त्यांच्या गोळ्या एका डबीत भरल्या आणि डबी माझ्या हातात दिली.

"तुया जवळ ठेव. ते घ्याले भुलतात. अन् बाई, त्याइले जास्त बोलू नको देऊ. ते बोलले का काम वाढते."

ठाण्यात आम्हाला बाकावर बसवलं. बऱ्याच वेळाने आत बोलावलं. निरीक्षक तरुण होते, बोलण्यावरून सांगली-कोल्हापूरकडचे. समोर इंग्रजी लेखाची प्रत, त्यावर पिवळ्या शाईने खुणा. मी त्यांना तीन कागद एकाखाली एक मांडून दाखवले. मूळ वाक्य हे, मी पाठवलं ते हे, छापलं गेलं ते हे. गुरुजींनी काय लिहिलं आणि बदललं कुठे, हे बोटाने दाखवत गेले.

त्यांनी सगळं शांतपणे वाचलं. मग मराठी वाक्यावर पेन ठेवून म्हणाले, "पण बाई, इथंही झडतीच लिहिलंय की. आणि झडती म्हणजे काय ते तुम्ही मला सांगताय? माझा रोजचा धंदा आहे तो."

"पोळ्याची झडती वेगळी असते साहेब."

"असेल. मला वर इंग्रजीत अहवाल द्यायचाय. तिकडचे साहेब दोन पानं वाचत नाहीत. एका ओळीत लिहून द्या, झडती म्हणजे काय. एकच ओळ. आणि शब्द असा द्या की पुन्हा विचारायला लागू नये."

त्यांनी कागद पुढे सरकवला. आयुष्यात मी इतकी घाबरून कधी अनुवाद केला नसेल. पहिला शब्द सुचला तो 'रोस्ट'. आजकालच्या पोरांना तो लगेच कळतो, कुणाची तरी चारचौघांत थट्टा उडवणं. लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. ज्या प्रशासकाने 'सर्च' वाचून पोलिसांना फोन लावला, तो 'रोस्ट' वाचून काय समजेल? गाव मला भाजायला निघालं! मग 'सटायर' लिहावं तर ते पुस्तकी, त्यात धारही भलतीच. 'साँग' लिहावं तर निरीक्षक म्हणणार, गाण्यासाठी सारं गाव हजर कशाला? शेवटी मी लिहिलं की झडती म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलांसमोर म्हणायची थट्टेची कवनं, ज्यांना प्रथेप्रमाणे कुणी राग मानत नाही. 'टीझिंग व्हर्सेस'. पाण्यासारखा पातळ शब्द. गुरुजींच्या लेखातली सगळी ठिणगी त्यात विझली होती, पण मला त्या वेळी विझलेलंच हवं होतं.

निरीक्षकांनी वाचलं, मान हलवली. वाटलं, सुटलो. मग त्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

"म्हणजे तुमच्या मनात घराची झडती घेण्याचा काहीच अर्थ नव्हता. असंच लिहून घेऊ ना?"

एवढं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. मी मनातल्या मनात त्यांच्या वतीने ते म्हणूनही टाकलं.

"होता," गुरुजी म्हणाले.

माझ्या हातातली गोळ्यांची डबी खाली पडली.

"दोनी अर्थ होते साहेब. घरात घुसून कपाटं उघडाचं मी काही म्हनलो नाही. पन मानसाची झडती तं होतेच ना तथी, भर गावात. त्याचं समदं बाहेर काढतात. म्हनून तं तिले झडती म्हनतात. मी खोटं काहून लिहून देऊ? चाळीस वर्सं पोराइले खरं बोला म्हनून शिकवलं."

मला त्यांचा भयंकर राग आला. हे मी कबूल करते. वाटलं, काय गरज होती! काकूंनी बजावलं होतं तेच झालं. निरीक्षक खुर्चीत मागे टेकले आणि पेनाचं टोपण लावून बसले. ते काय करणार हे त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात दिसत नव्हतं.

"म्हणून दाखवा एक," ते म्हणाले.

"आता?"

"मी इथं चार पोळे काढले, पण तोरणाखाली बंदोबस्ताला असतो तेव्हा लक्ष गर्दीवर असतं. म्हणा."

गुरुजी उठून उभे राहिले. पांढरा शर्ट, काखेत पिशवी. त्यांनी घसा खाकरला आणि ज्या आवाजात ते शाळेच्या मैदानावर प्रार्थना घ्यायचे त्या आवाजात सुरू केलं:

"नळ म्हने नळीले, पानी गेलं कोठी?
साहेबाच्या बंगल्यावर, गुलाबाच्या पोटी!
गुलाब झाला तरतरीत, हंडा राह्यला रिता,
साहेब म्हने उद्या देतो, आज आवतन घेता?"

ओळ संपली आणि बाहेरच्या खोलीतून, ठाणे अंमलदाराच्या टेबलामागून, दरवाजातून, तीन-चार आवाजांत आरोळी आली: "हर बोला हर हर महादेव!"

मग बाहेरच्यांच्याही लक्षात आलं असावं की आपण कुठे आहोत. एक हवालदार दारात येऊन, टोपी नीट करत, "सॉरी सर, सवयीनं झालं," म्हणाला.

निरीक्षक हसले नाहीत. पण त्यांनी विचारलं, "ही झडती लेखात आहे का?"

"नाही साहेब. ही आता सुचली."

"मग ती मी ऐकलेली नाही," ते म्हणाले आणि जबाब लिहायला घेतला. माझी ओळ त्यांनी जशीच्या तशी उतरवून घेतली. गुरुजींचे दोन अर्थ त्यात आले नाहीत. शेवटी सह्या झाल्यावर म्हणाले की वरून परत काही आलं तर यावं लागेल, प्रकरण मिटलं असं मी म्हणत नाही, आणि यंदा पोळ्याला गुरुजींनी त्या गावात जाऊ नये, घरीच थांबावं. "विनंती समजा," असं ते म्हणाले. ती विनंती नव्हती हे आम्हाला दोघांनाही कळलं.

वेबसाइटवर दुरुस्ती आली. मथळा बदलला, माझं लांब वाक्य परत बसवलं, खाली बारीक अक्षरांत खुलासाही टाकला. डेस्कवरच्या मुलाने मला माफीचा एवढा मोठा संदेश पाठवला की मीच त्याची समजूत काढली. पोळा झाला. ठाण्यातून फोन आला नाही. रोज संध्याकाळी मी गुरुजींना काहीतरी निमित्त काढून फोन करायचे, ते घरी आहेत एवढं ऐकायला. दोन रविवार त्यांचं सदर आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात लेख आला तेव्हा मी हातातलं सगळं टाकून वाचायला बसले.

विषय साधा होता, भुलाबाईच्या गाण्यांचा. पण पहिल्याच ओळीत मी अडखळले. लिहिलं होतं, 'भुलाबाई, म्हणजे आमच्या भागात मुली ज्या देवीची गाणी म्हणतात ती'. पुढे 'खिरापत, म्हणजे वाटायचा खाऊ'. त्यापुढे एका सासूच्या गाण्याबद्दल लिहून झाल्यावर, 'ही केवळ थट्टा असून यात कुणाचाही अवमान करण्याचा हेतू नाही'. पानभर असंच. हा अनुवादासाठी पाठवलेला मजकूर नव्हता, रविवारी मराठीत छापायचा लेख होता. माझी इंग्रजीची सगळी कारागिरी त्यांनी मराठीत केली होती, आणि वाक्यं आजाऱ्यासारखी भिंतीला धरून चालत होती.

मी फोन लावला. "गुरुजी, अकोल्याच्या मानसाले भुलाबाई म्हनजे काय ते सांगून राहिले तुमी? त्याइले जन्मापासून मालूम हाय. हे काढा ना. समजवाचं काम मायं हाय, तुमचं नाही."

पलीकडून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"अकोल्याच्या मानसाले नाही सांगून राहिलो, बाई," गुरुजी म्हणाले. "ठान्यातल्या त्या साहेबाले सांगून राहिलो. आता लिहाले बसलो का तोच समोर येऊन बसते."